४०९६ रुंदीचा ॲरे उभा वाचला की का रखडतो

प्रश्न: नमस्कार सर. मी निपाणीचा, बेळगावात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी मध्ये ४०९६ बाय ४०९६ चा `int` ॲरे घेऊन सगळ्या आकड्यांची बेरीज केली. ओळीओळीने केली तर पटकन होते, कॉलम-कॉलमने केली तर दहापटीहून जास्त वेळ लागतो. बेरजा तेवढ्याच आहेत. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस, मग कुठूनही वाचलं तर फरक का पडावा? आणि दुसरं कोडं: चुकून रुंदी ४१०० टाकली तर ॲरे मोठा होऊनही कॉलमची बेरीज बरीच लवकर झाली. हे कसं?

उत्तर:

तुझं दुसरं कोडं पहिल्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. पहिल्याचं उत्तर बहुतेक पुस्तकांत अर्ध्या पानात मिळतं. दुसऱ्यासाठी कॅशेच्या, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण वेगवान मेमरीच्या आत शिरावं लागतं, आणि तिथे शिरल्यावर पहिलंही नीट कळतं.

आधी एक उपमा बाजूला काढतो, कारण आपल्या भागात ती हमखास दिली जाते: उसाच्या सरीतून चाललं तर सोपं, सऱ्या ओलांडत आडवं चाललं तर अवघड. ऐकायला छान आहे, पण फसवी आहे. शेतात प्रत्येक वरंबा ओलांडायचे कष्ट वेगळे पडतात. मेमरीत तसा वरंबा नाही. `a[0][0]` वरून `a[1][0]` चा पत्ता काढायला प्रोसेसरला एक बेरीज पुरते, आणि `a[0][1]` ला जायलाही एकच. चालण्यात फरक नाहीच. फरक आहे तो आणलेला माल न वापरता फेकून देण्यात.

म्हणून बाजार बघू. तुझं खडेबाजारात दुकान आहे आणि माल मार्केट यार्डातून येतो. तू रताळ्याचं एक पोतं मागवलंस तरी टेम्पो शेजारशेजारची सोळा पोती घेऊनच येतो, कमी आणतच नाही. सोळाही विकलीस तर एका खेपेचं भाडं सोळा पोत्यांवर पडलं. एकच विकून उरलेली पंधरा जागेअभावी परत पाठवलीस आणि थोड्या वेळाने त्यांतलंच एक पुन्हा मागवलंस, तर प्रत्येक पोत्याला पूर्ण खेप. उपमा इथे संपली, आता आकडे.

दुकान म्हणजे कॅशे, यार्ड म्हणजे रॅम, आणि टेम्पोची एक खेप म्हणजे कॅशे लाइन. आजच्या बहुतेक इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांत ती ६४ बाइटची असते. `int` चार बाइटचा, म्हणजे एका लाइनीत सोळा आकडे. सी मध्ये ॲरेची एक पूर्ण ओळ सलग ठेवलेली असते, तिच्या पाठोपाठ दुसरी. तुझी एक ओळ ४०९६ × ४ = १६,३८४ बाइट, म्हणजे १६ केबी, म्हणजेच बरोबर २५६ लाइनी. सगळा ॲरे ६४ एमबी.

आडवं वाचताना `a[0][0]` मागितलास की `a[0][15]` पर्यंतचे आकडे त्याच खेपेत येतात आणि पुढचे पंधरा जवळपास फुकट मिळतात. शिवाय प्रोसेसरातला प्रीफेचर हे सलग वाचन ओळखतो आणि पुढची लाइन तू मागण्याआधीच आणायला घेतो. एकूण खेपा १०,४८,५७६.

उभं वाचताना `a[0][0]` नंतर `a[1][0]` हवा, आणि तो १६ केबी लांब आहे. प्रत्येक पावलाला नवी लाइन. एक कॉलम संपेपर्यंत ४०९६ लाइनी आणल्या आणि प्रत्येकीतला एकच आकडा वापरला. पुढचा कॉलम सुरू झाला की `a[0][1]` लागतो. तो पहिल्याच लाइनीत आलेला होता, प्रश्न एवढाच की ती लाइन अजून जागेवर आहे का. प्रीफेचरही इथे हात टेकतो, कारण मेमरी ४ केबीच्या पानांत वाटलेली असते, सलग वाचन ओळखणारा प्रीफेचर साधारणपणे अशा एका पानाच्या हद्दीतच काम करतो, आणि तू दर पावलाला चार पानं ओलांडतोयस.

रॅमला रँडम ॲक्सेस म्हणतात ते टेपशी तुलना करून: कुठलाही पत्ता गाठायला आधीचे सगळे ओलांडावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सगळे पत्ते सारख्याच वेळात मिळतील असं त्यात वचन नाही. पहिल्या पातळीच्या कॅशेतून आकडा चार-पाच सायकलमध्ये मिळतो, दुसऱ्या पातळीतून चौदाएक, तिसऱ्यातून चाळीस किंवा जास्त, आणि रॅमपर्यंत जावं लागलं तर दोनशेच्या पुढे. मशीनप्रमाणे आकडे हलतात, क्रम हलत नाही.

आता ती लाइन जागेवर राहते का, ते बघू. ३२ केबीचा पहिल्या पातळीचा डेटा कॅशे धरू. नव्या काही प्रोसेसरांत तो ४८ केबी असतो, पण हिशेबाची रीत तीच. ३२ केबीत ६४ बाइटच्या ५१२ लाइनी मावतात. पण त्या हव्या तिथे बसत नाहीत. कॅशे ६४ कप्प्यांत वाटलेला असतो आणि प्रत्येक कप्प्यात आठ जागा. कुठली लाइन कुठल्या कप्प्यात जाणार हे तिच्या पत्त्यावरून आधीच ठरलेलं असतं: लाइनीच्या क्रमांकाला ६४ ने भाग, जी बाकी उरेल तो कप्पा. शेजारचा कप्पा रिकामा पडला असला तरी तिथे बसायची मुभा नाही. हे विचित्र वाटतं, पण त्यामुळे शोधताना ५१२ ऐवजी आठच ठिकाणी बघावं लागतं. चार सायकलचा वेग त्याच जोरावर आहे.

तुझी एक ओळ २५६ लाइनींची. २५६ ला ६४ ने पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. म्हणजे `a[0][0]` ज्या कप्प्यात बसला, त्याच कप्प्यात `a[1][0]`, त्यातच `a[2][0]`, शेवटच्या ओळीपर्यंत सगळे त्याच एका कप्प्यात. ४०९६ लाइनी आणि जागा आठ. नववी लाइन आली की पहिलीला उठावं लागतं. उरलेले ६३ कप्पे त्या वेळी मोकळे बसून असतात. तुझ्या ३२ केबी कॅशेचा उपयोग अर्ध्या केबीएवढाच झाला.

दुसऱ्या पातळीत सुटका होते का? ५१२ केबीचा, १०२४ कप्प्यांचा, आठ-आठ जागांचा कॅशे धरू. इथे कप्पा खऱ्या मेमरीच्या पत्त्यावरून ठरतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ४ केबीची पानं खऱ्या मेमरीत कुठेही टाकते, त्यामुळे थोडी फाटाफूट होते. पण पानाच्या आतली जागा बदलत नाही. एका पानात ६४ लाइनी असतात, आणि तुझा प्रत्येक आकडा आपापल्या पानात त्याच क्रमांकाच्या लाइनीत आहे. म्हणून १०२४ पैकी फार तर १६ कप्पे वाट्याला येतात. सोळा गुणिले आठ, १२८ जागा, आणि मागणी ४०९६ ची. तिथूनही हकालपट्टी. मग आकडा तिसऱ्या पातळीतून येतो, तिथेही नसला तर रॅममधून.

आता ४१०० घे. ओळ झाली १६,४०० बाइट, म्हणजे २५६ लाइनी आणि वर पाव लाइन. ती पाव लाइनच सगळी जादू करते. दर चार ओळींनी कप्पा एकाने पुढे सरकतो, आणि २५६ ओळींत चौसष्टही कप्पे फिरून होतात. एका कॉलमच्या ४०९६ लाइनी म्हणजे २५६ केबी, त्या पहिल्या पातळीत तरीही मावणार नाहीत. पण दुसऱ्या पातळीत आता सगळ्या १०२४ कप्प्यांत पसरतात, आणि तिथे एकूण जागा ८१९२ आहेत. म्हणजे पुढचा कॉलम सुरू होतो तेव्हा बहुतेक लाइनी तिथे सापडतात. चाळीस सायकलचं काम चौदावर आलं. तुझी ‘चूक’ म्हणजे ज्याला पॅडिंग म्हणतात ते.

मुद्दाम पॅडिंग करायचं झालं तर मी ४१०० घेणार नाही, ४११२ घेईन. सोळा `int` जास्त म्हणजे बरोबर एक लाइन जास्त: ओळ २५७ लाइनींची, बाकी एक, प्रत्येक ओळीला कप्पा बदलतो. आणि ॲरेची सुरुवात ६४ च्या पटीत असेल तर प्रत्येक ओळही लाइनीच्या तोंडाशीच सुरू होते.

इथे एक गंमत सांगतो. वर्गातल्या कुणी प्रत्येक ओळ वेगळी `malloc(16384)` करून पॉइंटरांचा ॲरे केला असेल, तर त्याचं उभं वाचन तुझ्या ४०९६ पेक्षा जलद निघू शकतं. लिनक्सवरचा ग्लिबसीचा `malloc` प्रत्येक तुकड्याबरोबर स्वतःची थोडी नोंद ठेवतो आणि आकार सोळाच्या पटीत नेतो. १६,३८४ मागितले की १६,४०० जातात. तुझ्या ४१०० रुंदीच्या ओळीएवढेच. त्या मुलाला वाटेल पॉइंटर जलद असतात.

४१०० ने सुद्धा उभं वाचन आडव्याच्या बरोबरीला येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. त्याचं एक मोठं कारण टीएलबी. प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि खऱ्या मेमरीतला पत्ता यांची सांगड पानापानाने असते, आणि अलीकडच्या सांगडी प्रोसेसर टीएलबीत जपून ठेवतो: पहिल्या पातळीत साधारण ६४ नोंदी, दुसऱ्यात दीड-दोन हजार. तुझा एक कॉलम ४०९६ वेगवेगळ्या पानांवर पाय ठेवतो. परत पहिल्या ओळीवर येईपर्यंत तिची नोंद पुसली गेलेली असते, आणि पत्ता काढण्यासाठीच पानांचे तक्ते चाळावे लागतात. पॅडिंगने यात काहीच सुधारत नाही, कारण पानं तेवढीच राहतात. लिनक्सने त्या ॲरेला २ एमबीची मोठी पानं दिली असतील तर ६४ एमबीला बत्तीस नोंदी पुरतात आणि हा भुर्दंड जवळपास नाहीसा होतो. तुझ्या आणि मित्राच्या लॅपटॉपवर वेगवेगळे आकडे आले तर ही फाइल दोन्हीकडे बघ:

```
cat /sys/kernel/mm/transparent_hugepage/enabled
```

माझा स्वतःचा धडा उद्यमबागेतला. एका कारखान्यात कास्टिंगची तपासणी करणारा कॅमेरा बसवला होता, ४०९६ पिक्सेल रुंद, एका पिक्सेलला एक बाइट. उजेड सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून प्रत्येक कॉलमची सरासरी काढून सुधारणा करायची होती. कॉलमची सरासरी म्हणताच हात आपसूक कॉलमचा लूप बाहेर लिहितो, मीही लिहिला. इथे ओळ बरोबर ४ केबीची, म्हणजे प्रत्येक पावलाला नेमकं एक पान पुढे, कप्पा तोच. आणि एका लाइनीत ६४ पिक्सेल, त्यातले ६३ वाया. पुढचा नग कॅमेऱ्याखाली येऊन थांबायचा आणि आमचा हिशेब चालूच. मालकांनी कुणाच्या तरी सल्ल्याने रॅम ८ ची १६ जीबी केली. काडीचा फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण मेमरी कमी पडतच नव्हती. शेवटी लूपांची अदलाबदल केली:

```c
static int col[4096];

for (int i = 0; i < H; i++)
    for (int j = 0; j < 4096; j++)
        col[j] += img[i][j];
```

उत्तर कॉलमचंच हवं आहे, पण चित्र वाचलं जातं आडवं. `col` हा ॲरे १६ केबीचा, पहिल्या पातळीत आरामात बसतो. ओळीमागून ओळ येते आणि प्रत्येक पिक्सेल आपापल्या कॉलमच्या खात्यात जमा होतो. पाहिजे ते उत्तर उभं असलं म्हणून वाचनही उभंच हवं असं नाही. माझ्या अनुभवात अशा दहातल्या आठ-नऊ जागी एवढ्यानेच काम भागतं आणि पॅडिंगची वेळच येत नाही.

जिथे अदलाबदल करून भागत नाही असं नेहमीचं काम म्हणजे ट्रान्सपोज. एक बाजू आडवी केली की दुसरी उभी होतेच. तिथे १६ × १६ चे तुकडे पाडून काम करा असं सगळे सांगतात, आणि तुकड्याच्या आत आणलेली लाइन पूर्ण वापरली जाते हे खरं आहे. पण ४०९६ रुंदीत त्या तुकड्याच्या सोळा ओळींच्या सोळा लाइनी पुन्हा एकाच कप्प्यात येतात, आणि जागा आठच. तुकडे पाडूनही वेग वाढला नाही म्हणून पोरं ती पद्धतच टाकून देतात. आधी रुंदी ४११२ कर, मग तुकडे पाड.

मोजताना तीन ठिकाणी फसशील. पहिलं, ॲरेत आधी काहीतरी भर. नुसता घेतलेला आणि कधीच न लिहिलेला ॲरे वाचलास तर लिनक्स सगळ्या पानांच्या जागी शून्यांनी भरलेलं एकच खरं पान दाखवू शकतो. मग ६४ एमबीचा ॲरे प्रत्यक्षात ४ केबीचा असतो आणि उभं वाचनही जलद भासतं. दुसरं, `-O3` ला जीसीसी लूपांची अदलाबदल कधी कधी स्वतःच करून टाकतो, आणि आडव्या लूपचं व्हेक्टरायझेशनही करतो. पहिल्याने फरक नाहीसा होतो, दुसऱ्याने नको तेवढा फुगतो. नुसता कॅशे बघायचा तर `-O1` ठेव. तिसरं, बेरीज शेवटी `printf` कर, नाहीतर कंपायलर लूपच काढून टाकेल. आणि हे सगळं सी पुरतं. फोरट्रान आणि मॅटलॅब कॉलम सलग ठेवतात, तिथे हिशेब उलटा.

मोजायचं ते असं:

```
perf stat -e cycles,instructions,L1-dcache-load-misses,dTLB-load-misses ./a.out
```

आडव्या-उभ्यात `instructions` जवळपास सारखे येतील आणि `cycles` मध्ये मोठी दरी दिसेल. काम तेवढंच, वाट बघणं जास्त. उभ्या वाचनात पहिल्या पातळीचे चुकलेले वाचन एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपास, म्हणजे आकड्यामागे एक असायला हवेत.

४०९६ आणि ४१०० ची तुलना मात्र या आकड्यावर करू नकोस. पूर्ण ४०९६ ओळी असतील तर पहिल्या पातळीत दोघेही सारखेच चुकतात, त्यांचा फरक दुसऱ्या पातळीत आहे. कप्प्यांचा खेळ पहिल्या पातळीतच बघायचा असेल तर ओळी फक्त २५६ ठेव आणि उभी बेरीज शंभरदा कर. आता एका कॉलमला २५६ लाइनी, म्हणजे १६ केबी. ३२ केबीच्या कॅशेत त्या मावायलाच हव्यात. रुंदी ४१०० ला त्या मावतातही: चौसष्ट कप्पे, प्रत्येकात चार. एका फेरीला ६५-६६ हजार चुका. रुंदी ४०९६ ला त्याच २५६ लाइनी एका कप्प्याच्या आठ जागांसाठी भांडतात, आणि एका फेरीला साडेदहा लाखांच्या जवळपास चुका होतात. ६४ पैकी ६३ कप्पे रिकामे असताना.